आठ खाटांचं नर्सिंग होम: तिथे केलेला क्लेम मिळेल का?

'आईचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. साताऱ्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये ७० हजार सांगितलेत, ८ बेड आहेत. नेटवर्क हॉस्पिटलमध्ये १ लाख १० हजार. पॉलिसी ५ लाखांची, को-पे नाही. छोट्या ठिकाणी करून नंतर क्लेम टाकू का?'

ताई, आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा, हे जे ४० हजार वाचतायत ते तुमचे नाहीत, कंपनीचे वाचतायत. नेटवर्कमध्ये कॅशलेस झालं तर तुमच्या खिशातून ग्लोव्हज वगैरे न धरलेल्या वस्तूंचे काही हजार जातील, आणि इकडे क्लेम अडला तर पूर्ण ७०, शिवाय आधीच्या तपासण्या नि नंतरची औषधंही गेली, कारण ती मुख्य क्लेमला बांधलेली असतात.

आता अडतो का, तर पॉलिसीत 'हॉस्पिटल'ची व्याख्या काढून वाचा. त्यात दोन वाटा असतात आणि मधे 'किंवा' असतो. एक, सरकारी नोंदणी, आपल्याकडे १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालची. नाहीतर दुसरी, १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० बेड (मोठ्या शहरात १५), चोवीस तास क्वालिफाईड नर्स आणि डॉक्टर, ऑपरेशन होत असेल तर स्वतःचं सुसज्ज ओटी, आणि रोजचं पेशंटचं रेकॉर्ड, हे सगळंच्या सगळं. म्हणजे ८ बेड असूनही नोंदणी चालू असेल तर क्लेम बसतो, पण ती संपलेली असेल तर मात्र कंपनीच्या लेखी ते हॉस्पिटलच नाही, डॉक्टर कितीही चांगले असोत.

माझ्या एका क्लायंटचं असंच झालं. नर्सिंग होमच्या नोंदणीचं रिन्यूअल राहिलेलं, आणि विमा कंपनीचा तपासनीस रात्री नऊला जाऊन उभा. डॉक्टर वरच्या मजल्यावर घरी राहतात म्हणून सांगितलं ते एकवेळ चाललं असतं, पण ड्युटीवरच्या मुलीकडे नर्सिंग कौन्सिलची नोंदणीच नव्हती, आणि इनडोअर रजिस्टरमध्ये आठवड्याभराच्या नोंदी एकाच पेनने एकाच हाताने ओढलेल्या. ६२ हजार गेले. पॉलिसी आठ वर्षं जुनी होती म्हणून तो भांडत होता, पण पाच वर्षांनंतरचं संरक्षण आजार लपवल्याच्या आरोपापुरतं असतं, इथे ते लागूच नाही.

म्हणून डॉक्टरांकडे नोंदणी सर्टिफिकेटचा फोटो मागा. तारीख बघा, त्यावर बेड किती लिहिलेत तेही बघा, ओळखीचे आहेत म्हणून लाजू नका. तो फोटो जोडून कंपनीला मेल करा की इथे रिइम्बर्समेंट चालेल का आणि हे नाव तुमच्या वगळलेल्या हॉस्पिटलांच्या यादीत तर नाही ना, उत्तर लेखी घ्या, कॉल सेंटरवरच्या 'हो मॅडम'ला अर्थ नाही.

सर्टिफिकेट मिळालं आणि मेलला हो आलं तर खुशाल तिथेच करा, ओळखीचा डॉक्टर असणं आईसाठी मोठी गोष्ट आहे. 'रिन्यूअलला टाकलंय, येईलच' असं ऐकू आलं तर मी नेटवर्कमध्ये नेईन. हर्निया अडकलेला नसेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील, तर एवढी चौकशी करायला आठवडा पुरतो.