माळेचे दिवे मागे गोल, धूसर कसे आणायचे?

प्रश्न: गणपतीचा फोटो काढताना मागची दिव्यांची माळ मोठ्या चमकत्या गोळ्यांसारखी कशी दिसेल? ५० एमएम f/1.8 लेन्स आहे.

कॅमेरा मूर्तीच्या जवळ न्या, f/1.8 ठेवा आणि फोकस मूर्तीच्या डोळ्यावर धरा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरांमधून आराशीचे फोटो काढतो, तिथे माळ लांब नेण्यावरच सगळ्यांचा भर असतो. खरा फरक कॅमेऱ्याच्या अंतराने पडतो. मूर्ती १ मीटरवर आणि माळ तिच्यामागे ३ मीटरवर असेल, तर सेन्सरवर दिव्याचा गोळा साधारण १.१ मिमीचा पडतो. माळ तिथेच ठेवून कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणला, की तोच गोळा २.६ मिमीच्या वर जातो. माळ कितीही लांब नेली तरी १ मीटरवरून दीड मिमीच्या पुढे जात नाही! एक अडचण मात्र आहे. इतक्या जवळून जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो, त्यामुळे डोळे नीट पण सोंडेचं टोक पुसट होतं. मूर्ती मोठी असेल तर मागे सरका आणि लहान गोळ्यांवर भागवा. लुकलुकणारी माळ मात्र स्थिर मोडवर ठेवा, नाहीतर निम्मे दिवे फोटोत येणारच नाहीत.