रविवारच्या प्रवचनाआधी वाच

प्रिय बेटा, सलाम.

घरच्या मारहाणीवर प्रवचन करून राहिला म्हणालास, म्हणून एक गोष्ट सांगतो जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. एक ताई माझ्याकडे रडत आली होती, नवरा मारतो म्हणून. मी तिला १ पेत्र ३ वाचून दाखवलं, नवऱ्याच्या अधीन राहा, हा तुझा वधस्तंभ आहे म्हटलं, आणि वरून नवऱ्यालाही समजवायला घरी गेलो. पुढच्या रविवारी ती फुल बाह्यांचा ब्लाऊज घालून आली. मे महिना, नागपूरचं ऊन, पंख्याखाली बायका पदराने वारा घेऊन राहिल्या होत्या आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत. तेव्हा समजलं की तिने सांगितलं हे मीच त्याला कळवलं होतं.

म्हणून तू १ शमुवेल १९ घे. शौल राजा भाला फेकतो, तोही देवाचा अभिषिक्त, तरी दावीद भिंतीला टेकून सहन करत बसत नाही, पळतो, आणि त्याची बायको मीखल त्याला रात्री खिडकीतून खाली उतरवते. देवाने कुठेच म्हटलं नाही की परत जा, भाला खा. हे असंच साध्या शब्दांत बोल. वधस्तंभ येशूने स्वतःहून उचलला होता, दुसऱ्याच्या हाताचा मार हा कुणाचा वधस्तंभ नसतो. क्षमा केली तरी त्याच घरात राहायलाच पाहिजे असं नाही, हेही सांग, कारण बायका इथेच अडकतात.

मग मदत सांग. १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं, तिथेच डॉक्टर, पोलीस, वकिलाची मदत मिळते. बऱ्याच जणींना वाटतं तक्रार केली की घर गेलं, पण घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला राहायचा हक्क आहे, कोर्ट त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. याच कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतो आणि बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो.

पण नंबरची चिठ्ठी हातात देऊ नको, पर्समध्ये सापडली तर मार वाढतो. बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतून लाव, फोन शेजारणीच्या मोबाईलवरून करा म्हणून लिही. निघून जायचा दिवस सगळ्यात धोक्याचा असतो, म्हणून आजच निघ असा जोर तू करू नको, आधार कार्ड, पोरांचे कागद, थोडे पैसे आधीच मैत्रिणीकडे ठेव एवढं सांग. बोलताना कुणा एकीकडे पाहू नको, आणि नवरा-बायकोला एकत्र बसवून समजूत तर अजिबात काढू नको.

शनिवारी रात्री फोन कर, मला पूर्ण वाचून दाखव.