केसांत अडकलेलं च्युइंगम कापाकापी न करता कसं काढायचं?

प्रश्न: मुलगी तोंडात च्युइंगम ठेवूनच झोपली. सकाळी बघते तर कानामागच्या केसांत गोळा. थोडं गालिच्यालाही लागलंय. सासूबाई म्हणतात कापून टाक. केस न कापता निघेल का?

उत्तर: निघेल. कात्री ठेवून द्या, आणि तूर्तास केसांना पाणीही लावू नका, गरम तर मुळीच नाही. च्युइंगममधली साखर चघळताना विरघळून जाते आणि मागे उरतो तो रबरासारखा गोळा. तो पाण्याला जुमानत नाही. गरम पाण्याने उलट मऊ होतो आणि शेजारच्या बटाही धरतो. गार केलं की तो कडक होतो आणि तेल मुरलं की त्याचा चिकटपणा जातो. केसांसाठी माझा भर तेलावर, गालिच्यासाठी बर्फावर.

माझ्या भाचीचंही असंच झालं होतं, लिंबाएवढा गुंता आणि तोही कानाला लागून. आधी आजूबाजूचे मोकळे केस पिनांनी वर बांधून टाकले. मग गोळ्याच्या वरच्या आणि खालच्या चांगल्या केसांना खोबरेल तेल चोपडलं. हे सगळे विसरतात. थेट गोळ्यालाच हात घातला की तो सुटताना लगतच्या कोरड्या केसांना जाऊन चिकटतो. तेलकट केसांना चिकटत नाही. त्यानंतर चमचाभर तेल गोळ्यावर, आणि पाचेक मिनिटं नुसतं थांबायचं. थंडीत खोबरेल गोठलेलं असतं, ते तळहातावर चोळून पातळ करून घ्या. घरात शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल असेल तर तेही चालतं. पीनट बटर लावा म्हणतात त्यातही काम करतं ते त्यातलं तेलच, मग तो चिखल कशाला?

आता दोन बोटांत गोळा धरून हलकेच चुरत राहा. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं. मग तो बोटांना चिकटायचा थांबतो, साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि त्याच्या गुठळ्या सुटायला लागतात. ही खूण दिसेपर्यंत ओढायचं नाही. दिसली की एका हाताने गोळ्याच्या वर, डोक्याच्या बाजूला, बट घट्ट धरा म्हणजे मुळाला ओढ बसत नाही आणि पोरगी किंचाळत नाही. दुसऱ्या हाताने गुठळ्या टोकाकडे सरकवत काढा आणि दर वेळी बोटं कागदाला पुसा, नाहीतर तेच च्युइंगम परत केसांत जातं. मध्येच अडलं तर ओढू नका, आणखी तेल घाला. शेवटी मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकापासून वर वर. अर्धा तास सहज जातो, तिला एखादं कार्टून लावून द्या.

धुताना शांपू आधी कोरड्या, तेलकट केसांवरच चोळा आणि मग पाणी घ्या. पाणी आधी ओतलं तर तेल निघता निघत नाही.

गोळा मोठा आणि मुळापासून लांब असेल तर आधी बर्फाने वरचा थर मोडून घेता येतो. कानामागे मात्र बर्फ धरू नका, कातडी गारठते. आणि कुणी रॉकेल किंवा पेट्रोल सुचवलं तर साफ नाही म्हणा. लेकराच्या डोक्यावर पेट घेणारी वस्तू कुणी ओततं का?

गालिच्याचं उलट. तिथे आधी तेल ओतलं तर डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून पंधरा मिनिटं च्युइंगमवर ठेवा. नखाने दाबून बघा, खड्ड्यासारखा वळ उमटला तर अजून थांबा. टणक लागलं की चमच्याच्या पाठीने ठोका आणि बोथट सुरीने कडेकडून खरवडा. मधेच मऊ व्हायला लागलं तर पुन्हा बर्फ. उपटायचा मोह आवरा, नाहीतर गालिच्याचे धागेही सोबत येतील. तुकडे लगेच उचला, नाहीतर ते ऊब लागून दुसरीकडे चिकटतील. धाग्यांत पातळ थर उरलाच तर फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन टिपा आणि लगेच भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात दुसरं फडकं पिळून तेल टिपून काढा. घासू नका. लोकरीचा किंवा रंग जाणारा गालिचा असेल तर हे आधी कोपऱ्यात, पलंगाखाली जाणाऱ्या बाजूला करून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, काही कृत्रिम धागे त्याने विरघळतात.