एच-ब्रिजमध्ये मोटरवर एकच डायोड का चालत नाही?

प्रश्न: १२ व्होल्टची ब्रश मोटर L298N चिपने चालवतोय. मोटरच्या दोन टोकांवर फ्लायबॅक डायोड लावलाय. एका दिशेने नीट फिरते, उलटी दिली की डायोड जळतो. का?

उत्तर: तो डायोड काढून टाका, उलट्या दिशेत तोच सप्लाय शॉर्ट करतोय. एका दिशेला पट्टीचं टोक प्लसवर असतं म्हणून तो गप्प बसतो, दिशा बदलली की तो थेट वाहू लागतो. एच-ब्रिजला चार डायोड लागतात: मोटरच्या प्रत्येक टोकापासून एक प्लसकडे (पट्टी प्लसच्या बाजूला) आणि एक ग्राउंडकडून त्या टोकाकडे (पट्टी मोटरच्या बाजूला). L298N चिपच्या आत ते नसतात. तयार मॉड्यूल असेल तर बोर्डावर बहुधा आठ दिसतील, कारण चिपमध्ये असे दोन ब्रिज असतात; मग वेगळे लावायची गरज नाही. स्वतः लावताना 1N4007 नको, पीडब्ल्यूएमसाठी तो मंद पडतो; 1N5822 सारखा शॉट्की घ्या.

एवढ्यानेही एक धोका उरतो: पूर्ण वेगात दिशा पलटणं. समजा वाइंडिंग २ ओहम आहे आणि फिरती मोटर स्वतःच ११ व्होल्ट तयार करतेय. पलटताच ते सप्लायच्या १२ मध्ये मिळतात आणि २३ भागिले २, म्हणजे साडेअकरा अँपिअरपर्यंत करंट खेचला जाऊ शकतो. ही चिप एका चॅनेलला २ अँपिअरची. म्हणून ड्यूटी हळूहळू शून्यावर आणा, मोटर थांबू द्या, मगच दिशा बदला. मोटर जाम झाली तर मात्र डायोड वाचवणार नाहीत. त्यासाठी फ्यूज किंवा करंट मर्यादा वेगळी हवी.