७४ सेंमीच्या शेगडीवर चिमणी ६० ची घ्यावी की ९० ची, आणि किती उंचीवर लावावी?

"आमच्याकडे तीन बर्नरची काचेची शेगडी आहे, रुंदी ७४ सेंमी. दुकानदार म्हणतो ६० ची चिमणी घ्या, सक्शन जास्त आहे त्यामुळे पुरेल. फिटर म्हणतो ओट्यापासून अडीच फुटावर लावतो. दोघांचं ऐकावं का?"

दोघांचंही नको. मी मॉड्युलर किचन डिझाइनचं काम करते, आणि नव्या किचनच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा याच दोन मापांवर येऊन थांबतात.

आधी रुंदी. नियम सोपा आहे, चिमणी शेगडीएवढी किंवा तिच्यापेक्षा थोडी मोठी हवी, लहान नको. पण नुसती शेगडीची काच मोजून भागत नाही, कारण वाफ काचेतून येत नाही, भांड्यातून येते. म्हणून डाव्या आणि उजव्या बर्नरवर तुमच्या रोजच्या मोठ्या कढया ठेवा आणि एका कढईच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. तुमच्यासारख्या शेगडीत दोन टोकांच्या बर्नरच्या मध्यांमधलं अंतर समजा ४८ सेंमी असेल आणि कढई २८ ची, तर माप झालं ७६. आता ६० ची चिमणी बरोबर मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना ८-८ सेंमी कढई उघडी राहते, आणि वाफ वर जाताना पसरत जाते ते वेगळंच.

सक्शनचं म्हणाल तर बॉक्सवरचा १२०० किंवा १४०० चा आकडा म्हणजे तासाला किती घनमीटर हवा खेचणार, तोही पाइप न जोडता किंवा आदर्श परिस्थितीत. पाइप लावला, दोन वळणं आली की तो उतरतो. शिवाय ही हवा फक्त फिल्टरच्या तोंडाशी जोरात खेचली जाते, वीतभर बाजूला गेलात की ओढ खूपच कमी होते. त्यामुळे जो धूर चिमणीच्या खाली आलाच नाही त्याला मोटार कितीही मोठी असली तरी काय करणार. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

तुमच्यासाठी मी ९० ची सांगेन, दोन्ही बाजूंना साधारण ७ सेंमी जादा मिळतात. भिंतीवर तेवढी जागा नसेल तर ७५ ची पण मिळते, ती काठावर पास. ६० ची दोन बर्नरच्या शेगडीला किंवा ६० च्या हॉबला ठीक आहे. आधीच ६० ची घरी येऊन पडली असेल तर तळण आणि फोडणी मधल्या बर्नरवर करा, दूध, चहा, कुकर बाजूंना, बऱ्यापैकी निभावतं.

एक गोष्ट सुताराला आधीच सांगा. ९० च्या चिमणीसाठी तो दोन कपाटांमध्ये तीन फूट जागा सोडतो, म्हणजे ९१.४ सेंमी, कागदावर बसते. पण मग कपाटाच्या कडांना सनमायका लागतो, मध्ये कुठे प्लाय थोडा बाहेर आलेला असतो, आणि शेवटी चिमणी ढकलून बसवावी लागते, नंतर सर्व्हिसला काढताना कपाट ओरबाडतं. पूर्ण फिनिशिंग झाल्यावर ९२ च्या आसपास मोकळे मिळतील असं सांगा.

आता उंची. फिटर "ओट्यापासून अडीच फूट" म्हणतो तिथेच गडबड आहे. माप ओट्यापासून नाही, भांडं जिथे टेकतं त्या जाळीपासून घ्यायचं. गॅसवर बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये जाळीपासून चिमणीच्या खालच्या कडेपर्यंत किमान ६५ सेंमी दिलेलं असतं, आणि साधारण ६५ ते ७५ मध्ये ठेवतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा, विशेषतः तिरक्या काचेच्या चिमणीत, तिची खालची कड जाळीच्या जवळ येते आणि वरची लांब असते, त्यामुळे तिचं माप वेगळं दिलेलं असू शकतं.

हिशोब करून बघू. ओटा ३३ इंच म्हणजे ८४ सेंमी. त्यावर पाय असलेली काचेची शेगडी, जाळीसकट १३ सेंमी धरा. जाळी आली ९७ वर. त्यात ७० मिळवले की चिमणीची खालची कड फरशीपासून १६७ वर. फिटरच्या पद्धतीने ओट्यापासून अडीच फूट, म्हणजे ७६ घेतले तर कड येते १६० वर, आणि जाळीपासून अंतर उरतं फक्त ६३. हे किमान मापाच्याही खाली गेलं, आणि त्याच्या टेपवर मात्र अडीच फूट बरोबर दिसणार.

खाली लावली तर काय होतं? मोठी ज्वाला, उंच कुकर, फोडणीत उठलेला जाळ, हे सगळं तेलकट फिल्टरच्या जवळ येतं, आणि फिल्टरला साठलेलं तेल पेट घेऊ शकतं. त्याआधीची लक्षणं म्हणजे खालचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, लाइट लवकर जातात, बटणांचं पॅनेल रुसतं. वर लावली, म्हणजे ८०-८५ वर, तर वाफ पोचेपर्यंत पंख्याच्या किंवा खिडकीच्या झोताने सरकते. याची खूण कपाटावर बघा. फिल्टर महिनाभर तसा स्वच्छच, पण शेजारच्या कपाटाच्या कडेला बोट फिरवलं की चिकट, आणि तेही टोकाच्या बर्नरच्या बाजूलाच जास्त. अरुंद चिमणीतही हेच दिसतं, म्हणून दोन्ही मापं एकत्र तपासावी लागतात, जितकी वर न्याल तितकी रुंद हवी.

डोकं आपटेल का? चिमणी भिंतीपासून साधारण ५० सेंमी बाहेर येते, ओटा ६० चा, त्यामुळे सरळ उभं राहिलं तर सहसा लागत नाही, मागच्या बर्नरवर वाकून बघताना लागू शकतं. घरात कुणी पावणेसहा फुटी असेल तर ७५ वर जा, त्यापेक्षा वर नको.

पुढे शेगडी काढून ओट्यात बसवायचा हॉब घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सांगा, कारण त्याची जाळी ओट्यापासून साधारण ५ सेंमीच वर असते. आज ७० वर लावलेली चिमणी त्या दिवशी ७८ वर जाणार. अशा घरात मी आत्ता ६५ धरते, हॉब आल्यावर ते ७३ होतं, दोन्ही वेळा चालतं.

भोक पाडण्याआधी एवढं करा. चिमणीच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा तिच्याच रुंदीचा कापून पेन्सिलीच्या रेघेवर चिकटटेपने भिंतीला लावा, शेगडीवर सगळ्यात उंच कुकर शिट्टीसकट ठेवा, रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला झारा घेऊन ढवळायला सांगा, मग रेघ पक्की करा. बीम किंवा माळा मध्ये येतो का तेही तेव्हाच कळतं, कारण बाहेर जाणारा ६ इंची पाइप वरून काढायचा असतो आणि बीममुळे जादा वळण घ्यावं लागलं तर ओढ कमी होते. लावून झाल्यावर चिमणी चालू करून पेटती उदबत्ती प्रत्येक बर्नरच्या कडेला धरा. फिटर कागद फिल्टरला चिकटवून दाखवेल, त्याने फक्त मोटार चालते एवढंच कळतं. उदबत्तीचा धूर टोकाच्या बर्नरवरूनही आत वळला तर त्याला पैसे द्या, बाजूने निसटून कपाटाकडे गेला तर तो असतानाच उंचीचं माप जाळीपासून परत घ्यायला लावा.