नोंदणी नसलेले मृत्युपत्र आणि हयात असलेला एकच साक्षीदार

प्रश्न : वडिलांनी 2016 मध्ये मृत्युपत्र केले. स्टॅम्पपेपर आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे, पण रजिस्टर करायचे राहून गेले. वडील 2024 च्या ऑगस्टमध्ये वारले. आई आधीच गेली. गावची सहा एकर जमीन आणि तालुक्याचे घर वडिलांनी माझ्या नावे लिहिले आहे. दोन्ही बहिणींनी आता वाटपाचा दावा लावला आहे. समन्स येऊन दीड महिना झाला. त्यांचे वकील म्हणतात, रजिस्टर नसलेल्या मृत्युपत्राला किंमत नाही. एक एजंट म्हणतो, माणूस गेल्यावरही रजिस्टर करता येते, मग ते पक्के होते. करून घेऊ का? एक साक्षीदार वारले. दुसरे वडिलांचे मित्र, वय 81, पुण्यात मुलाकडे असतात.

उत्तर : बहिणींच्या वकिलांचे म्हणणे चूक आहे आणि एजंटचे अर्धेच बरोबर. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 18 मध्ये मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक दस्तांत घातलेली आहे. नोंदणी नाही एवढ्याच कारणावर कोणतेही न्यायालय मृत्युपत्र बाजूला ठेवत नाही. एजंटचे बरोबर आहे ते एवढ्यापुरते की मृत्युपत्राला नोंदणीची मुदत नसते आणि कलम 40 प्रमाणे मृत्यूनंतर ज्याला त्याखाली हक्क मिळतो तो ते दुय्यम निबंधकाकडे हजर करू शकतो. ‘मग ते पक्के होते’ हे मात्र त्याने पदरचे घातले आहे. स्टॅम्पपेपरची गरज नव्हती आणि नोटरीच्या शिक्क्याने नोंदणीची जागा भरत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण निम्म्या पत्रांत या दोन गोष्टी मोठ्या विश्वासाने लिहिलेल्या असतात.

तुमचा दावा ज्यावर ठरणार आहे ते वाक्य नोंदणी कायद्यात नाही, पुराव्याच्या कायद्यात आहे. जुन्या पुरावा कायद्याचे कलम 68, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 67. ज्या दस्ताला कायद्याने साक्षीदार आवश्यक असतात, तो शाबित करायला हयात असलेला किमान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावा लागतो. याला एक सवलत आहे : दस्त नोंदलेला असेल आणि करून देणाऱ्याने तो नाकारलेला नसेल, तर साक्षीदार बोलावायची गरज नाही. बक्षीसपत्राला ही सवलत मिळते. पण तिथेच कंसात टाकावे तसे लिहिले आहे की दस्त ‘मृत्युपत्र नसावा’. म्हणजे तुमच्या वडिलांनी 2016 सालीच रांगेत उभे राहून नोंदणी केली असती, तरी आज त्या 81 वर्षांच्या गृहस्थांना साक्षीला आणावेच लागले असते.

मग नोंदणीने काय मिळाले असते? बरेच काही, पण ते वेगळ्या जातीचे. दुय्यम निबंधकासमोर माणूस स्वतः जातो, ओळख पटवली जाते, सही-अंगठा आणि फोटो घेतला जातो, दस्ताची प्रत पुस्तक क्रमांक 3 मध्ये राहते. पुढे ‘ही सही वडिलांची नाही’ किंवा ‘कागद मागाहून बनवला’ म्हणणे अवघड होते. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका प्रकरणात नोंदणीकृत मृत्युपत्र खरे असल्याचे गृहीत धरले आणि ते खोटे ठरवण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर टाकला. हा निकाल आता सगळे दाखवतात. पण त्याच न्यायालयाचा 1962 चा राणी पूर्णिमा देवीचा निकालही उभाच आहे : परिस्थिती संशयास्पद असेल तर नुसत्या नोंदणीने संशय धुतला जात नाही, विशेषतः नोंदणी यांत्रिकपणे उरकलेली असेल तर. एखाद्या प्रकरणात कोणता निकाल जड पडेल हे कागद पाहिल्याशिवाय सांगू नये.

आता नोंदणी केलीत तर यातले फारसे काहीच हाती येत नाही. दुय्यम निबंधकाने वडिलांना कधी पाहिलेच नाही. मृत्यूनंतरच्या नोंदणीत कलम 41 प्रमाणे त्याला तीन गोष्टींची खात्री करून घ्यायची असते : मृत्युपत्र त्यांनीच केले, ते वारले, आणि हजर करणाऱ्याला तसा हक्क आहे. पहिल्या गोष्टीसाठी तो कुणाचा जबाब घेणार? पुण्याच्या त्याच गृहस्थांचा. तिथे बहिणींना उलटतपासणीची संधी नसल्याने तो जबाब न्यायालयातल्या साक्षीच्या जागी बसत नाही. मूळ कागद हरवण्याची भीती असेल तर नोंदणीला अर्थ आहे. तुमच्या बाबतीत तो कागद लवकरात लवकर न्यायालयात दाखल व्हायला हवा, कार्यालयात फिरत राहायला नको. एजंटला नाही म्हणा.

खरी घाई दोन ठिकाणी आहे. पहिली, लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे तुमचे उत्तर. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची असते, कारण दाखवून जास्तीत जास्त नव्वद दिवस. तुमचे पंचेचाळीस संपले आणि तुम्ही नोंदणीच्या एजंटशी बोलत बसला आहात. मृत्युपत्राचा उल्लेखच कैफियतीत आला नाही, तर पुढे ते मांडायला दुरुस्तीचे अर्ज करावे लागतील आणि त्यात वर्ष जाईल. कैफियतीसोबत मूळ मृत्युपत्र यादीने दाखल करा आणि प्रमाणित प्रत काढून घ्या. झेरॉक्सवर विसंबू नका. मूळ कागद असताना झेरॉक्स पुराव्यात येत नाही.

दुसरी घाई त्या गृहस्थांची. वाटपाच्या दाव्यात मुद्दे निघणे, वादींची साक्ष, उलटतपासणी, मग तुमचा पुरावा, असा क्रम असतो आणि तुमची पाळी यायला किती वर्षे लागतील हे मी लिहिणार नाही, कारण ते न्यायालयालाही माहीत नसते. तोवर 81 चे 87 होतील, आठवण जाईल किंवा माणूसच जाईल. यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत तरतूद आहे, ती फार कमी वापरली जाते. आदेश 18, नियम 16 खाली, पुरेसे कारण दाखवून, दावा दाखल झाल्यावर केव्हाही साक्षीदाराची साक्ष आधी नोंदवून घेण्याचा अर्ज करता येतो. ते आजारी किंवा अशक्त असतील तर आदेश 26 खाली कोर्ट कमिशनर त्यांच्या घरी जाऊन साक्ष घेऊ शकतो. वयाचा पुरावा आणि डॉक्टरांचा दाखला अर्जाला जोडा. बहिणींना नोटीस जाईल, त्यांचे वकील विरोध करतील. साक्ष झाली की उलटतपासणीही तेव्हाच होऊ द्या. उलटतपासणी झालेली साक्ष माणूस गेल्यावरही टिकते. न झालेलीवर वाद होतो.

साक्षीत काय यायला हवे, हे नीट समजून घ्या, कारण चांगली मृत्युपत्रे इथेच पडतात. भारतीय वारसा कायद्याचे कलम 63 म्हणते की दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही माझी सही’ असे वडिलांकडून प्रत्यक्ष ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने वडिलांसमोर सही केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. साक्षीला एकच पुरतो, पण त्या एकाच्या तोंडून दोघांचे साक्षांकन शाबित व्हावे लागते. 2002 च्या जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या आपल्या राज्यातून गेलेल्या प्रकरणात नेमके हेच राहिले. बोलावलेल्या साक्षीदाराने दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीबद्दल काही सांगितले नाही, दुसरा हयात असून त्याला बोलावले नाही, आणि मृत्युपत्र शाबित झाले नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

म्हणून पुण्याला जा आणि त्यांना विचारा : त्या दिवशी खोलीत कोण होते, आधी कुणी सही केली, वारलेल्या गृहस्थांनी सही केली तेव्हा तुम्ही आणि वडील तिथे होतात का? उत्तर पढवू नका. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत पाचव्या प्रश्नाला सापडतो. ‘दुसऱ्याने आधी सही केली होती, मी नंतर आलो’ असे ते म्हणाले तर वाट बंद होत नाही. वारलेल्या साक्षीदाराची सही ओळखणारा, त्यांचा मुलगा म्हणा किंवा बँकेतला सहकारी, उभा करून आणि इतर पुराव्याने उरलेला भाग भरायचा प्रयत्न करता येतो; तो पुरेल का, हे मात्र न्यायाधीश ठरवतील. दोन्ही साक्षीदार गेले असते तर एका साक्षीदाराचे हस्ताक्षर आणि वडिलांची सही शाबित करण्याचा मार्ग राहिला असता. तो खडतर आहे. त्याची वेळ येऊ देऊ नका.

संशयाच्या परिस्थितीबद्दल तुमच्या पत्रातून मला नीट कळत नाही. मृत्युपत्र कुणी लिहून घेतले, वकिलाकडे वडील एकटे गेले की तुम्ही गाडीतून नेले, तेव्हा ते आजारी होते का, दोन्ही मुलींना काहीच का दिले नाही याचे कारण कागदात आहे का? मुलींना वगळणे हे एकटे कारण पुरत नाही, मृत्युपत्राचा अर्थच नेहमीचा वारसा बदलणे हा असतो. पण ज्याला सगळे मिळते त्यानेच सगळे घडवून आणले असेल, तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. 2016 चे डॉक्टरांचे कागद, बँकेतल्या वडिलांच्या सह्या, त्या वर्षीचा त्यांचा पत्रव्यवहार शोधून ठेवा.

आणि एक गणित, जे तुम्ही विचारले नाही. वडील फक्त स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करू शकतात. घर त्यांनी पगारातून घेतले असेल तर ते पूर्ण तुमचे होऊ शकते. जमीन मात्र एकत्र कुटुंबाची ठरली, तर वडील, तुम्ही आणि दोन बहिणी असे चार समान हिस्से, प्रत्येकी दीड एकर. मृत्युपत्राने वडिलांचे दीड एकर तुमच्याकडे येतात, तुमचे तीन होतात, बहिणींचे दीड-दीड त्यांच्याकडेच राहतात. मृत्युपत्र पडले तर तिघांना दोन-दोन एकर. म्हणजे जमिनीपुरता वाद एका एकराचा असेल. उलट, जमीन आजोबांनी स्वतः कमावलेली असेल आणि ते 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील, तर वडिलांना मिळालेला वाटा त्यांचा स्वतंत्र मानला जातो आणि मृत्युपत्र त्या सगळ्याला लागते. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे यावरून हे कळत नाही. आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणि त्याआधीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून काढा आणि कैफियत लिहिण्याआधी वकिलांच्या हातात द्या, म्हणजे जमीन वडिलांची स्वतंत्र आहे हे मुख्य म्हणणे आणि चार हिश्श्यांचे पर्यायी म्हणणे, दोन्ही तिथे येतील.