कप्तानपदाचा नोकरीत उपयोग: बारातून सात निवडणारा कोण?

प्रश्न: मुलगा धुळ्यात एसवायला आहे, कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान झालाय. रोज दोन तास मैदानावर जातात. याचा पुढे नोकरीत खरंच उपयोग होतो, की नुसतं मिरवणं?

ताई, कप्तान म्हणून त्याच्या हातात नेमकं काय आहे, यावर ते ठरतं.

मी अमळनेरला कॉलेज संघाचा दोन वर्षं कप्तान होतो. संघात बारा, मैदानात सात. म्हणजे प्रत्येक सामन्याला पाच जण बाहेर बसणार. पहिल्या वर्षी मी यादी सूचनाफलकावर चिकटवली आणि सरळ घरी पळालो. माझाच खोलीमित्र उजव्या कॉर्नरला होता, त्याचं नाव यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मनं नाव कसाले काढं, भो?" मी सरांकडे बोट दाखवलं. तो सरावाला यायचा बंद झाला.

दुसऱ्या वर्षी आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला स्वतः भेटायला लागलो. "तुझा घोटा पकडायला उशीर होतोय, दोन सामन्यांत चार गुण गेले. उद्या तू बाहेर, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू." शिव्या खाल्ल्या, पण सरावाला सगळे आले. पुढच्या आठवडी खरंच बघावं लागतं, नाहीतर ते पोरं लगेच ओळखतात.

आज जळगावच्या एका पाइप कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. पंधरा वर्षं जुन्या ऑपरेटरला मशीनवरून पॅकिंगला हलवायचं होतं, तेव्हा छातीत धडधडलं नाही. भंगार किती निघालं त्याचे आकडे दाखवले, कधी परत घेणार तेही सांगितलं. पण साहेबांपुढे इंग्रजीत प्रेझेंटेशन द्यायची वेळ आली, तेव्हा मात्र घाम फुटला! अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडलं होतं: आत्मविश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे त्या प्रकारचं काम स्वतः करून पाहिलेलं असणं. कबड्डीने मला माणसांशी अवघड बोलणं दिलं, स्लाइड्स दिल्या नाहीत.

कुन आणि वाइनबर्गर यांच्या २००५ च्या अमेरिकन अभ्यासात, शाळेत संघाचे कप्तान किंवा क्लबचे अध्यक्ष राहिलेल्या पुरुषांची कमाई पुढे जास्त आढळली, परीक्षेतली हुशारी सारखी धरूनही. पण मुळात धीट पोरगाच कप्तान होतो, ही शंका त्याने पूर्ण मिटत नाही. आणि ते आकडे तिथले. धुळ्याच्या पगाराला लावू नका.

तेव्हा मुलाला एवढंच विचारा: सातची यादी कोण करतं? टाइम आउटच्या तीस सेकंदांत कोण बोलतं? दोन्हीचं उत्तर "सर" असेल, तर तो फक्त टॉस उडवायला जातोय. मग त्याने सरांकडे निदान सरावाच्या सामन्यांची यादी मागून घ्यावी. बहुतेक सर देतात, त्यांच्याही डोक्याचा ताप कमी होतो.